दहा बिया, सात कोंब आणि अडकलेला लूप

मे महिना सरत आला होता. लातूरकडं ज्याला त्याला एकच विचारणं चाललं होतं, घरचं सोयाबीन पेरायचं की पिशवी आणायची. औसा तालुक्यातला माझा एक विद्यार्थी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकतो. त्याच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, घरच्या बियाण्याची उगवण तपासायला ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडले होते, दहा ओळी आणि ओळीला दहा दाणे. पोराला दम निघेना. चौथ्या दिवशी त्यानं गोणपाटाची एक घडी उलगडली, पहिली ओळ मोजली आणि परत गुंडाळून ठेवली. दहातल्या सात दाण्यांना कोंब होते.

तेवढ्या सात-दहाच्या भांडवलावर त्यानं लॅपटॉप उघडला. संध्याकाळी त्याचा फोन आला, "सर, रिजेक्शन सॅम्पलिंग लावलंय, पण प्रोग्राम लटकलाय. लूप संपतच नाही."

हे प्रकरण त्या न संपणाऱ्या लूपचं आहे. पुढं त्यात माझीही एक चूक आहे, तीही सांगतो.

आधी त्याला काय काढायचं होतं ते पाहू. बियाण्याची खरी उगवणक्षमता p मानू. p कुणालाच माहीत नाही. मोजण्याआधी ० ते १ मधली कुठलीही किंमत सारखीच शक्य आहे असं धरलं आणि मग दहात सात कोंब दिसले, तर p चं वितरण असं येतं:

```
f(p) = 1320 · p^7 · (1-p)^3
```

हे बीटा वितरण, प्राचल ८ आणि ४. त्याची सरासरी ८/१२, म्हणजे ०.६६७. शिखर बरोबर ०.७ वर आहे आणि तिथं घनतेची उंची २.९३५ आहे. १३२० हा आकडा वक्राखालचं क्षेत्रफळ १ व्हावं म्हणून येतो.

याचे नमुने काढून देणारं तयार फंक्शन प्रत्येक संख्याशास्त्रीय पॅकेजात आहे, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. पण परीक्षेत रिजेक्शन सॅम्पलिंग, म्हणजेच स्वीकार-नकार पद्धत होती, आणि उत्तर आधीच माहीत असलेल्या उदाहरणावरच पद्धत तपासता येते, म्हणून मी त्याला अडवलं नाही. शिवाय त्याला हवा होता तो p नव्हताच. त्यांच्याकडं हिशेब असा, की उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो बियाणं लागतं. म्हणजे उगवण p असेल तर २१/p किलो. p चे हजारो नमुने हातात असले की प्रत्येकावर २१ भागिले p करायचं आणि सरासरी घ्यायची. इथं हे कागदावरही सुटतं. या वितरणात १/p ची सरासरी ११/७ येते, त्याला २१ नं गुणलं की नेमके ३३ किलो. सरासरी उगवण ०.६६७ धरून सरळ भागलं असतं तर ३१.५ आले असते. हा दीड किलोचा फरक p च्या अनिश्चिततेतून येतो, आणि नमुने बरोबर निघतात का हे पडताळायला हा ३३ चा आकडा फार सोयीचा आहे.

आता पद्धत. ० ते १ मधून एक p उचलायचा, याला प्रस्ताव म्हणू. मग ठराविक शक्यतेनं तो ठेवायचा किंवा टाकायचा. ही शक्यता f(p) च्या प्रमाणात असली की ठेवलेल्या किमती f प्रमाणंच पसरतात. जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ च्या एका छोट्याशा लेखात हे मांडलं, आणि कल्पना तेव्हापासून आहे तशीच आहे.

चित्र डोळ्यांपुढं आणायचं तर एक मीटर रुंद आणि २.९३५ मीटर उंच पत्रा घ्या आणि त्यावर f चा वक्र काढा. वक्राचं शिखर पत्र्याच्या वरच्या कडेला जेमतेम टेकतं. पत्र्यावर सगळीकडं सारखे थेंब पडताहेत. वक्राखाली पडलेला थेंब ठेवायचा, वर पडलेला पुसायचा. पत्र्याचं क्षेत्रफळ २.९३५, वक्राखालचं १. म्हणून थेंब ठेवला जाण्याची शक्यता १/२.९३५, म्हणजे ०.३४१.

सर्वसाधारण रूपात, प्रस्ताव g घनतेतून येत असेल आणि सगळीकडं f(x) ≤ M·g(x) असेल, तर x हा f(x)/(M·g(x)) इतक्या शक्यतेनं स्वीकारायचा. एकूण स्वीकाराची शक्यता काढताना g वर g निघून जातो:

```
P = ∫ g(x) · f(x)/(M·g(x)) dx = (1/M) ∫ f(x) dx = 1/M
```

प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्र असतो, म्हणून पहिला स्वीकार होईपर्यंत लागणाऱ्या प्रस्तावांची संख्या भौमितिक वितरणानं जाते. तिची सरासरी १/P, म्हणजे M स्वतःच. आपल्या पत्र्यावर एका स्वीकारलेल्या किमतीमागं सरासरी २.९३५ प्रस्ताव. सरासरी तीनच्या आत असली तरी एखाद्या वेळी लांबण लागतेच. दहा प्रस्ताव फुकट जाण्याची शक्यता ०.६५९ चा दहावा घात, म्हणजे दीड टक्का. शंभर किमती जमवताना एकदोनदा हे होणारच, त्यात बिघाड काही नाही.

मग त्याचा लूप का अडकला? मी म्हणालो, "फोनवर नको, कोड पाठव." हा त्याचा कोड:

```python
import random

def k(p):
    return p**7 * (1-p)**3

n, kept = 0, []
while len(kept) < 100000:
    p = random.random()
    n += 1
    if random.random() < k(p)/2.935:
        kept.append(p)
```

वाचणाऱ्याला चूक दिसली असेल. k मध्ये १३२० नाही. शिखराची उंची त्यानं पूर्ण f वरून काढली, २.९३५, आणि ती लावली मात्र १३२० नसलेल्या k ला. k ची कमाल किंमत फक्त ०.००२२२३६ आहे. थेंबांच्या भाषेत, वक्र पत्र्याच्या तळाशी जेमतेम दोन मिलिमीटर उंचीचा झाला आणि वरचा सगळा पत्रा रिकामा. एका स्वीकारामागं आता १३२० × २.९३५, म्हणजे ३८७४ प्रस्ताव लागणार. एक लाख किमती हव्यात, म्हणजे साधारण ३८ कोटी ७४ लाख प्रस्ताव, जिथं २ लाख ९३ हजारांत भागलं असतं. त्यानं वैतागून Ctrl+C दाबलं तेव्हा n बारा कोटींच्या पुढं होता आणि kept मध्ये जेमतेम एकतीस हजार किमती होत्या. बारा कोटींना ३८७४ नं भागून बघा.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या एकतीस हजार किमती अगदी बरोबर होत्या. सरासरी ०.६६७, किलोची सरासरी ३३.०. M गरजेपेक्षा कितीही मोठा घेतला तरी वितरण बिघडत नाही, फक्त वेळ जातो. आपला लूप "लटकलेला" नव्हता, तो इमानदारीत राबत होता.

दुरुस्ती एका ओळीची. `2.935` च्या जागी `k(0.7)` लिहायचं. आता k ला स्वतःच्याच शिखरानं भागलं जातं, १३२० माहीत असण्याची गरजच उरत नाही. उलट तो आकडा लूपच सांगतो. शेवटी n/len(kept) सुमारे २.९३५ आलं की ०.००२२२३६ भागिले २.९३५, म्हणजे ०.०००७५७६, हे k च्या वक्राखालचं क्षेत्रफळ. त्याचा व्यस्त घेतला की १३२०. जिथं हा स्थिरांक कागदावर निघत नाही तिथं स्वीकाराच्या दरावरून तो असा अंदाजता येतो.

त्याच रात्री त्यानं आणखी एक गंमत पाठवली. "सर, सूत्राशिवाय पण होतंय की. p उचलायचा, त्या उगवणीचे दहा दाणे कॉम्प्युटरमध्येच पेरायचे, बरोबर सात उगवले तर p ठेवायचा." खरं आहे, हीसुद्धा स्वीकार-नकार पद्धतच आहे, आणि ती हेच वितरण देते. पण एका स्वीकारामागं किती प्रस्ताव? त्याचं मोजमाप ११ च्या आसपास येत होतं. आणि ते नेमकं ११ च आहे.

हे ११ कुठून येतात ते पाहण्यासारखं आहे. ० ते १ मधून अकरा आकडे उचला. पहिला म्हणजे p. उरलेले दहा म्हणजे दाणे. ज्या दाण्याचा आकडा p पेक्षा लहान तो उगवला, मोठा तो कुजला. सात दाणे उगवले याचा अर्थ p हा अकरा आकड्यांत लहानाकडून आठवा आहे. पण अकराही आकडे एकाच पिशवीतून आलेले, p चा नंबर पहिलाही लागू शकतो, अकरावाही, सगळे सारखेच शक्य. म्हणून आठवा लागण्याची शक्यता १/११. थॉमस बेझ यांचा १७६३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापला गेलेला निबंध टेबलावर चेंडू टाकून जवळपास हाच युक्तिवाद करतो.

मग ११ आणि २.९३५ यांचं नातं काय? दाणे पेरण्याच्या पद्धतीत p बरोबर ०.७ असला, म्हणजे सगळ्यात पसंतीचा प्रस्ताव आला, तरी दहात नेमके सात उगवण्याची शक्यता ०.२६६८ च आहे. चांगल्यात चांगल्या प्रस्तावालाही चारांतल्या तीन वेळा हाकलून दिलं जातं. k(p)/k(0.7) मध्ये मात्र ०.७ हमखास स्वीकारला जातो. ११ ला ०.२६६८ नं गुणा, २.९३५ येतात. पत्रा वक्रापेक्षा उंच ठेवण्याची किंमत एवढीच आणि इतकी नेमकी.

आता माझी चूक. मी त्याला म्हणालो, आयताकृती पत्रा कशाला, त्रिकोणी घेऊ. ०.७ वर टोक असलेली त्रिकोणी घनता g, टोकाची उंची २, दोन्हीकडं शून्यापर्यंत उतरणारी. तिच्यातून आकडा काढणं सोपं आहे. एकसमान u उचलायचा, u ०.७ पेक्षा कमी असेल तर √(०.७u), नाही तर १ − √(०.३(१−u)). मग M किती? मी फोनवरच सांगून टाकलं, "दोन्हींचं शिखर ०.७ वरच आहे, २.९३५ भागिले २, म्हणजे १.४६८." त्यानं तसं चालवलं. लूप झटकन संपला. नमुनेही बघायला बरे वाटत होते.

पण त्याला n छापायची सवय लागली होती. सकाळी मेसेज आला: "सर, १०,००० किमतींना १४,६८० प्रस्ताव लागायला पाहिजे होते. माझे १५,२०० च्या आसपास लागतायत. तीनदा चालवलं."

पाचशेचा फरक दैवयोगानं पडू शकतो का? स्वीकाराची शक्यता ०.६८ असताना एका किमतीमागच्या प्रस्तावांचं प्रमाण विचलन √०.३२/०.६८, म्हणजे ०.८३. दहा हजार किमतींच्या बेरजेचं त्याच्या शंभरपट, म्हणजे ८३. पाचशेचा फरक सहा विचलनांचा झाला, आणि तोही तीनदा एकाच बाजूला. काहीतरी नक्की चुकलं होतं.

चूक अशी, की M म्हणजे f च्या शिखराची उंची नव्हे. M म्हणजे f/g या गुणोत्तराची कमाल किंमत, आणि ती दोन्ही शिखरं जिथं जुळतात तिथंच असेल असं काही नाही. ०.७ च्या उजवीकडं हे गुणोत्तर १९८·p⁷·(१−p)² आहे आणि त्याची कमाल ७/९ वर, म्हणजे ०.७७८ वर येते. तिथं किंमत १.६८४. डावीकडं ते ४६२·p⁶·(१−p)³, कमाल २/३ वर, १.५०२. ०.७ वरचं १.४६८ हे उलट या दोन टेकड्यांमधली खिंड आहे. आयताकृती पत्र्यावर g सगळीकडं १ असतो म्हणून f चं शिखर आणि गुणोत्तराचं शिखर एकच, आणि त्याच सवयीनं मी घसरलो.

परिणाम काय झाला? साधारण ०.६३ ते ०.८४ या पट्ट्यात गुणोत्तर M पेक्षा मोठं होतं, म्हणजे स्वीकाराची "शक्यता" १ च्या वर. कॉम्प्युटर तक्रार करत नाही, `random.random() < 1.1` नेहमी खरंच असतं. तिथं प्रत्येक प्रस्ताव स्वीकारला गेला, पण जास्तीचं वजन मिळालं नाही, वक्राचा माथा छाटला गेला. छाटलेलं क्षेत्रफळ सुमारे ३.४ टक्के. म्हणून स्वीकाराचा दर १/१.४६८ नव्हे, तर त्याच्या ०.९६६ पट झाला आणि प्रस्ताव १.५२ वर गेले. पोराला दिसले ते हेच १५,२००. नमुन्यांच्या आलेखावरून हे कुणाच्या डोळ्यांना दिसलं नसतं. उगवण ७० टक्के किंवा त्याहून जास्त असण्याची शक्यता खरी ४३ टक्के आहे, या लूपनं ती ४१ च्या जरा वर दाखवली असती. दोन टक्क्यांची अशी चूक कुणी पकडत नाही.

लहान M चा धोका मोठ्या M सारखा नाही. मोठा M वेळ खातो आणि ते लगेच जाणवतं. लहान M मुळं लूप उलट आणखी भराभर चालतो आणि उत्तर गुपचूप बिघडतं. त्यानंतर मी लूपमध्ये ही ओळ घालायला लावली, आणि आता मी स्वतःही घालतो:

```python
r = f(p) / (M * g(p))
assert r <= 1 + 1e-12, (p, r)
```

गुणोत्तर १ च्या वर गेलं की प्रोग्राम तिथंच थांबतो आणि कुठल्या p ला गेलं तेही सांगतो. त्याच्या लॅपटॉपवर पहिल्या दहाबारा प्रस्तावांतच थांबला. M दुरुस्त करून १.६८४ केल्यावर दहा हजार किमतींना १६,८०० च्या आसपास प्रस्ताव लागू लागले, स्वीकार ५९ टक्के. आयतापेक्षा प्रस्ताव बरेच कमी, पण प्रत्येक प्रस्तावाला एक वर्गमूळ आणि एक फाटा जास्त. एवढ्याशा कामासाठी मी आयतच वापरला असता. तीनाचे पावणेदोन करण्यात मजा आहे, फायदा फारसा नाही.

फायद्याचा प्रश्न खऱ्या अर्थानं आला तो सातव्या दिवशी, अण्णांनी सगळं गोणपाट उलगडलं तेव्हा. शंभरात अडुसष्ट. आता वक्र p⁶⁸(१−p)³² च्या प्रमाणात, ०.६८ भोवती अरुंद आणि उंच. शिखराची उंची ८.६१. आयताकृती पत्र्यावर एका किमतीमागं ८.६१ प्रस्ताव, स्वीकार पावणेबारा टक्क्यांच्या आत. दाणे पेरण्याची पद्धत लावली तर मघाच्याच युक्तिवादानं १०१ प्रस्ताव. चारशे दाणे मांडले असते आणि त्यातही ६८ टक्केच उगवले असते, तर शिखर १७ च्या आसपास गेलं असतं. दाणे चौपट केले की वक्राची रुंदी निम्मी होते, उंची दुप्पट, आणि प्रस्तावही दुप्पट. माहिती जितकी पक्की, तितका सगळीकडं सारखा फेकलेला प्रस्ताव वाया जातो.

त्यानं यावर स्वतःच तोड काढली. प्रस्ताव ० ते १ मधून न घेता ०.५० ते ०.८५ मधूनच घेतले. g आता १/०.३५, म्हणून M = ८.६१ × ०.३५, म्हणजे ३.०१. पुन्हा तीनावर आलो. मात्र ही लबाडी आहे हे त्याला माहीत होतं आणि त्यानं ते लिहूनही ठेवलं. ०.५० च्या खालची किंवा ०.८५ च्या वरची किंमत यात कधीच येणार नाही. या वितरणाचा दहा हजारांत दोनएक भाग पट्ट्याबाहेर पडतो, त्यातला जवळजवळ सगळा खालच्या बाजूला. किलोच्या सरासरीला त्यानं धक्का लागत नाही. "उगवण निम्म्याहून कमी निघण्याची शक्यता किती" असा प्रश्न असता, तर याच लूपनं बिनदिक्कत शून्य म्हणून सांगितलं असतं. आणि वरची `assert` ओळही तेव्हा गप्पच राहिली असती, कारण जिथं प्रस्तावच जात नाही तिथलं गुणोत्तर ती तपासत नाही.

शंभर दाण्यांवरून आलेली किलोची सरासरी ३१.२. कागदावर २१ × १०१/६८ करून पाहिलं, तेवढीच येते. पोरानं ती अण्णांना सांगितली. अण्णांचा आडाखा वेगळा: सत्तरच्या खाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवायचा. दोन टक्के कमी, म्हणजे एकतीस.

"मग वरचे दोनशे ग्राम कुठून काढलेस रे?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही अडुसष्ट खरं धरलं. मी अडुसष्टच्या आजूबाजूचं पण धरलं." अण्णांनी एकतीसच मोजले आणि जाताना वर एक मूठ टाकली.